आईच्या फोनवर डिलीट झालेला फोटो सगळीकडूनच गेला, काकांना पाठवायचा राहिला. काही मार्ग आहे का?

सायली_कोथरूड | १४ मार्च २०२५, सकाळी ९:१०

नमस्कार मंडळी. कालपासून जिवाला चैन नाही, म्हणून इथे विचारते.

शनिवार पेठेत आमच्या आजोबांचा वाडा होता. सोमवारी, १० मार्चला तो पाडायला घेतला. आदल्या दिवशी संध्याकाळी मी शेवटचं बघून यायला गेले होते. दारावर गणेशपट्टी होती आणि तिच्या खालच्या कडेला शके आणि चार आकडे कोरलेले होते. वर्षानुवर्षांच्या तेल-धुळीच्या पुटामुळे ते आमच्यापैकी कुणालाच कधी धड वाचता आले नव्हते. तिथल्या मजुराने शिडी लावून दिली. मी ओल्या फडक्याने पट्टी पुसली, मोबाइलचा टॉर्च बाजूने तिरका धरला, तेव्हा खाचांमध्ये सावली पडून आकडे उठून दिसायला लागले. मी टॉर्च धरला आणि माझ्याच दुसऱ्या हातातल्या फोनने फोटो काढला, म्हणजे टॉर्च आईच्या फोनचा होता. पाच-सहा फोटो हलले, एकच नीट आला.

साताऱ्याचे काका ८१ वर्षांचे आहेत. ते घराण्याची हकीकत लिहून काढताहेत आणि वाडा कधी बांधला तिथेच त्यांचं अडलंय. त्यांना फोटो पाठवायला घेतला, पण सोबत चार ओळी नीट लिहू म्हणून तो तसाच ठेवला. सोमवार, मंगळवार ऑफिसात गेले.

आईकडे माझा जुना फोन आहे. त्यात अजून माझंच गूगल खातं आहे. बुधवारी तिला जागा भरल्याचा मेसेज आला. तिने फोटोंच्या अ‍ॅपमध्ये बसून अंधारातले, हललेले फोटो निवडून डिलीट केले आणि `Bin` सुद्धा रिकामा केला. तिला वाटलं, आपल्या फोनमधलेच जाताहेत. काल होळीला काकांचा फोन आला म्हणून बघायला गेले, तर माझ्या फोनवर नाही, टॅबवर नाही, लॅपटॉपवर नाही. बिन रिकामा.

आईने काल पोळीला हात लावला नाही. तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही. फोटो परत मिळण्याचा काही मार्ग आहे का, एवढंच सांगा. पुन्हा काढायला ती पट्टी आता जागेवर नाही.

---

वाटसरू | सकाळी ९:३२

व्हॉट्सअ‍ॅपवर 'डिलीट फॉर एव्हरीवन' केलं असेल तर समोरच्याच्या गॅलरीत फोटो आधीच उतरलेला असू शकतो. काकांना त्यांच्या गॅलरीत बघायला सांगा.

---

सायली_कोथरूड | सकाळी ९:४०

काकांना फोटो गेलाच नव्हता हो. निवडला होता, खाली ओळ लिहायला लागले आणि परत मागे आले. पाठवायचं बटण दाबलंच नाही.

---

निनाद_हडपसर | सकाळी ९:५५

घाबरू नका, गूगल फोटोच्या बिनमध्ये फोटो ६० दिवस असतात. आणि बिन रिकामा झाला असेल तरी गूगल ड्राइव्हच्या मदत पानावरून विनंती करता येते, ते परत आणून देतात. माझी एक्सेलची फाइल अशीच मिळाली होती.

आणि व्हॉट्सअ‍ॅपचं `Sent` फोल्डर बघितलंत का? पाठवलेल्या प्रत्येक फोटोची एक प्रत तिथे असते.

---

उंबरठा | सकाळी १०:२०

सायलीताई, मी बरीच वर्षं अँड्रॉइडवरची अ‍ॅप्स लिहितोय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. आत्ता लगेच एक करा: तुमच्या आणि आईंच्या दोन्ही फोनवर फोटोंच्या अ‍ॅपमध्ये काहीही दाबू नका. जागा मोकळी करण्याचे, बिन रिकामा करण्याचे, परवानगी मागणारे जे काही चौकोन येतील ते बंद करा.

निनाद म्हणतात ते ६० दिवस खरे आहेत, पण बॅकअप झालेला फोटो बिनमध्ये पडून राहिला तरच. आईंनी बिन हाताने रिकामा केल्यावर ती मुदत तिथेच संपते. ड्राइव्हची गोष्ट वेगळी. ड्राइव्ह आणि फोटो यांचं एकमेकांशी आपोआप जुळणं गूगलने जुलै २०१९ मध्ये बंद केलं. ड्राइव्हमधल्या फाइलला जी मदत मिळते ती या फोटोला लागू होत नाही. `Sent` फोल्डरचं बरोबर आहे, पण तिथे प्रत तयार होते ती पाठवायचं बटण दाबल्यावर. नुसता फोटो निवडून मागे आल्यावर तिथे काही पडत नाही. तरी एकदा नजर टाका:

```
Android/media/com.whatsapp/WhatsApp/Media/WhatsApp Images/Sent
```

आता मुख्य मुद्दा. फोटो तुमच्या नव्या फोनने काढलाय. म्हणजे तो दोन ठिकाणी होता: एक प्रत गूगलच्या खात्यात आणि मूळ फाइल तुमच्या फोनच्या कॅमेऱ्याच्या फोल्डरमध्ये. आईंच्या फोनवर, टॅबवर आणि लॅपटॉपवर फोटो फक्त दिसत होता, खात्यातून आणून दाखवलेला. म्हणून खात्यातली प्रत गेल्याबरोबर तिन्हींकडून तो नाहीसा झाला, त्यात नवल नाही. प्रश्न आहे तुमच्या फोनमधल्या मूळ फाइलचा. अँड्रॉइड ११ पासून कुठलंही अ‍ॅप साधारणपणे दुसऱ्या अ‍ॅपने काढलेला फोटो तुम्हाला न विचारता उडवू शकत नाही. गूगल फोटोला दुसरीकडे झालेला डिलीट तुमच्या फोनवर लागू करायचा असेल तर ते आधी चौकोन दाखवून परवानगी मागतं. ती परवानगी कायमची देऊन ठेवलेली असेल तर मात्र विचारत नाही.

म्हणून नीट आठवून सांगा. बुधवार संध्याकाळपासून तुमच्या फोनवर असा काही चौकोन आला होता का?

---

सायली_कोथरूड | सकाळी १०:४१

मी माझ्या फोनवर काहीच डिलीट केलेलं नाही. `Sent` बघितलं, तिथे नाही.

---

मृणाल_औंध | सकाळी १०:५८

माझं उलटं झालंय, विचारून घेते. मी आयफोनवर डिलीट करते तरी आयपॅडवर फोटो दिसत राहतात. सगळीकडून घालवायचे कसे?

---

खडकवासलेकर | सकाळी ११:१५

मृणालताई, दोन्हीकडे आयक्लाउड फोटो चालू आहे का आणि खातं एकच आहे का ते बघा, तुमचं काम तिथेच होईल. पण त्या राहून गेलेल्या आयपॅडवरून मला आमची गोष्ट आठवली.

गेल्या वर्षी मुलाने आयफोनवरून त्याच्या आजीचे फोटो चुकून डिलीट केले आणि 'रिसेंटली डिलीटेड'सुद्धा साफ केलं. आयफोनवर ते ३० दिवस राहतात, पण साफ केल्यावर तिथूनही गेले. घरात एक जुना मॅक कपाटात बंद पडून होता. त्यात मूळ फोटो उतरवून ठेवण्याचा पर्याय निवडलेला होता. माझ्या बायकोने आधी वायफायचा राउटरच भिंतीवरून काढला आणि मग मॅक चालू केला. त्याला डिलीट झाल्याची बातमीच पोचलेली नव्हती, त्यामुळे सगळे फोटो जागेवर होते. पेनड्राइव्हवर काढून घेतले आणि मगच राउटर लावला. थोड्या वेळाने आमच्या डोळ्यांदेखत ते मॅकवरून एकेक करत गेले.

सायली, तुमच्याकडे असं एखादं बंद यंत्र आहे का?

---

उंबरठा | सकाळी ११:३०

खडकवासलेकरांच्या घरी अगदी बरोबर केलं. यंत्रांमध्ये फिरतो तो नुसता फोटो नाही, 'हा फोटो काढून टाका' हा निरोपही तसाच फिरतो. निरोप पोचायच्या आधी नेट तोडलं तर प्रत वाचते. मात्र यंत्रात मूळ फाइल उतरलेली हवी. जागा वाचवायचा पर्याय चालू असेल तर तिथे लहान आकाराचं चित्रच सापडतं. सायलीताईंच्या टॅबचं तेच आहे, तो काल चालूही झाला आहे. तिथून काही मिळणार नाही.

---

निनाद_हडपसर | दुपारी १२:०५

प्ले स्टोअरवर रिकव्हरीची अ‍ॅप्स भरपूर आहेत. २०१६ मध्ये मी लग्नाचे सगळे फोटो तसे परत मिळवले होते.

---

उंबरठा | दुपारी १२:२२

निनाद, ते मेमरी कार्डवर होते ना? कार्डवर जमतं. कार्ड लगेच काढून, पुढे काही न लिहिता, फोटोरेकसारख्या प्रोग्रामने संगणकावर वाचलं तर फाइली निघतात, फक्त त्यांची नावं जातात. आताच्या फोनची आतली जागा तशी नाही. तिथे प्रत्येक फाइल कूटबद्ध असते. फाइल पुरती पुसली गेली की तिची किल्लीही जाते, मागे उरलेल्या तुकड्यांचा उपयोग नसतो. ती अ‍ॅप्स जे शोधून दाखवतात ते बहुतेक वेळा गॅलरीसाठी बनवलेली टिचभर चित्रं असतात. त्यात कोरलेले आकडे वाचता येणार नाहीत. शिवाय तेच अ‍ॅप उतरवताना फोनवर नवं काहीतरी लिहिलं जातं. सायलीताई, असलं काही घालू नका.

चौकोनाचं पुन्हा एकदा आठवून बघा. इंग्रजीत असतो, `Allow Photos to move … to trash?` अशा अर्थाचा. खाली दोन बटणं.

---

सायली_कोथरूड | दुपारी १:१०

आला होता.

बुधवारी रात्री जेवणं झाल्यावर मी भाचीला एक फोटो दाखवायला अ‍ॅप उघडलं, तेव्हा मधोमध काहीतरी आलं. तिचा हात फोनवरच होता, मी म्हटलं दाब गं `Allow`. ११ फोटो असं काहीतरी होतं. मला वाटलं, नेहमीसारखं अ‍ॅप परवानगी मागतंय. आत्ता ऑफिसच्या कँटीनमध्ये बसून हे लिहिताना हात थरथरतोय. म्हणजे मीच घालवला का?

---

उंबरठा | दुपारी १:२५

नाही. उलट ही त्यातल्या त्यात चांगली बातमी आहे.

त्या चौकोनात 'ट्रॅशमध्ये हलवू का' असं विचारतात. तो ट्रॅश तुमच्या फोनचा, गूगलच्या खात्याचा बिन नव्हे. आईंनी रिकामा केला तो खात्याचा. फोन तशी फाइल लगेच पुसत नाही. ती त्याच फोल्डरमध्ये राहते, फक्त तिचं नाव बदलतं: पुढे टिंब लागतं, `.trashed` हा शब्द लागतो आणि एक लांबलचक आकडा. टिंबाने सुरू होणारी फाइल गॅलरी दाखवत नाही, म्हणून ती गेलीच असं वाटतं. काही फोनांत ती अ‍ॅपच्या बिनमध्ये दिसते, काहींत दिसत नाही. ३० दिवसांनी फोन स्वतःहून ती पुसतो.

तुमच्या फोनवर ती असेलच अशी हमी देत नाही. फोनागणिक फरक असतो. पण बघायला पाच मिनिटं लागतात. फाइल मॅनेजरमध्ये लपवलेल्या फाइली दाखवायचा पर्याय चालू करा आणि `DCIM` मधलं `Camera` उघडा. दिसली तरी तिथल्या तिथे नाव बदलू नका. आधी प्रत बाहेर काढा. फोन केबलने संगणकाला जोडता येत असेल तर आणखी बरं. मी असतो तर हे केलं असतं:

```
adb shell "ls -a /sdcard/DCIM/Camera | grep trashed"
```

यासाठी फोनमध्ये यूएसबी डीबगिंग चालू करावं लागतं. ऑफिसात कुणीतरी अँड्रॉइडवर काम करणारं असेलच, त्यांच्याकडून करून घ्या.

---

सायली_कोथरूड | संध्याकाळी ६:४८

आहे!! नव्हे, निदान काहीतरी आहे. आमच्या टेस्टिंगच्या टीममधल्या मुलाने जोडून दिलं. ११ ओळी आल्या. वाड्यातल्या त्या संध्याकाळची ही एक:

```
.trashed-1744387954-IMG_20250309_174512.jpg
```

---

उंबरठा | संध्याकाळी ६:५६

मागचा भाग कॅमेऱ्याने दिलेलं नाव: ९ मार्च, संध्याकाळी ५:४५. तुमच्या रविवारशी जुळतं. मधला मोठा आकडा म्हणजे ही फाइल कधी पुसायची ती वेळ, १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत मोजलेली. आपल्या घड्याळाप्रमाणे ती ११ एप्रिल २०२५, रात्री ९:४२ येते. त्यातून ३० दिवस मागे गेलं की १२ मार्च, बुधवार, रात्री ९:४२. भाचीने `Allow` दाबलं ती हीच वेळ असणार.

आता सगळ्या ११ फाइली बाहेर काढा. एकीसाठी असं:

```
adb pull "/sdcard/DCIM/Camera/.trashed-1744387954-IMG_20250309_174512.jpg" wada.jpg
```

याने फोनवरची फाइल हलत नाही, संगणकावर प्रत येते. ती उघडून, मोठी करून बघा. मग दुसऱ्या ठिकाणीही ठेवा.

---

सायली_कोथरूड | रात्री ८:३०

उघडला. पूर्ण आकाराचा आहे, ४.१ एमबी. मोठा केला तर लाकडाच्या रेषासुद्धा दिसतात, पट्टीच्या डाव्या कोपऱ्यात माझ्या फडक्याचा ओला डागही आहे. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवला. ती काही बोलली नाही, नुसती मान हलवत राहिली. मग म्हणाली, उद्या पोळ्या करते.

काकांना व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवला. उंबरठा, तुमचे आभार कसे मानू.

---

शुभदा_साताराकर | रात्री ९:०५

वाचून फार बरं वाटलं. एक विचारायचं होतं. माझ्या सासूबाईंच्या फोनवरही माझंच खातं आहे. त्यांच्या फोनमधला बॅकअप बंद करून टाकला तर त्यांनी डिलीट केलेलं माझ्याकडून जाणार नाही ना?

---

निनाद_हडपसर | रात्री ९:१२

हो, बॅकअप बंद केला की दोघांचा संबंध तुटला.

---

उंबरठा | रात्री ९:३५

नाही निनाद, इथेच बरेच जण फसतात. बॅकअप बंद केला की सासूबाईंच्या फोनवरचे नवे फोटो वर जायचे थांबतात, एवढंच. खातं आत असेपर्यंत त्या अ‍ॅपमधून जुना फोटो डिलीट केला तर तो खात्यातूनही जातो. संबंध तोडायचा तर त्या अ‍ॅपमधून खातंच काढायला हवं. खात्याच्या गोल चित्रावर दाबलं की `Use without an account` असा पर्याय मिळतो. किंवा सरळ त्यांना त्यांचं स्वतःचं खातं काढून द्या.

आणि आईंना नेमका कुठला मेसेज आला होता तेही बघायला हवं. फोनची जागा भरणं वेगळं आणि खात्याची भरणं वेगळं. १ जून २०२१ पासून नव्याने चढणारे फोटो खात्याच्या फुकटच्या १५ जीबीत मोजले जातात, त्यातच मेल आणि ड्राइव्हही असतात. दोन्ही मेसेज दिसायला सारखेच. फोनचीच भरली असेल तर `Free up space` वापरायचं, त्याने फोनमधली प्रत जाते आणि खात्यातली राहते. खात्याची भरली असेल तर मात्र खात्यातून डिलीट केलेलं सगळीकडून जाणारच.

---

सायली_कोथरूड | रात्री १०:१०

आईला विचारलं. मेसेज फोनच्या जागेचा होता. म्हणजे वरच्या सगळ्या फोटोंना हात लावायची गरजच नव्हती. उद्या कोथरूडच्या दुकानातून तिला नवं सिमकार्ड घेऊन देते आणि त्यावर तिचंच खातं काढते.

एक शंका. सापडलेला फोटो परत फोनच्या कॅमेरा फोल्डरमध्ये टाकला तर पुन्हा बॅकअप होईल का? की खातं म्हणेल हा तर डिलीट केलेला आहे?

---

खडकवासलेकर | रात्री १०:२२

आमच्याकडे आयक्लाउडवर परत टाकलेले फोटो नवे म्हणून नीट चढले. गूगलचं मला सांगता येणार नाही.

---

केतकी_नारायणपेठ | रात्री १०:३१

माझ्याकडे एकदा परत टाकलेला फोटो दोन दिवस चढलाच नाही, मग नाव बदलून टाकल्यावर चढला. नावामुळे की आणखी कशामुळे, कळलं नाही.

---

उंबरठा | रात्री १०:४०

नावामुळे असेल असं वाटत नाही, पण तुमच्या फोनवर काय झालं ते मी बघितलेलं नाही. सायलीताई, फोटो चढला का ते ढगाच्या खुणेवर विसंबून ठरवू नका. लॅपटॉपवर ब्राउझरमध्ये खातं उघडून तिथे दिसतोय का बघा. तोपर्यंत संगणकावरची प्रत आणि काकांकडची प्रत, दोन्ही राहू द्या.

---

सायली_कोथरूड | १५ मार्च, दुपारी ४:२०

काकांचा फोन आला. भिंग घेऊन दोन तास बसले होते. शके आणि पहिले तीन आकडे स्वच्छ आहेत, १७९ पर्यंत. शेवटचा ते ८ म्हणतात, मला ३ वाटतो. ८ असेल तर १८७६-७७, ३ असेल तर १८७१-७२. आकड्याच्या वरच्या भागावर रंगाचा एक पापुद्रा आहे, नेमका तिथे टॉर्चचा उजेड पोचलेला नाही. काका म्हणाले, "अगं, पट्टीच बघायला मिळाली तर एका मिनिटाचं काम आहे."

---

केतकी_नारायणपेठ | दुपारी ४:४५

पाडकाम करणाऱ्याला विचारलंत का? आमच्या वाड्याचे खांब आणि तुळया त्याने एका वखारवाल्याला विकल्या होत्या. कोरीवकामाचं लाकूड सहसा जळणात जात नाही, बाजूला काढून ठेवतात. भवानी पेठेत टिंबर मार्केटकडे चौकशी करून बघा, आठवडा व्हायच्या आत. आणि जाताना हा फोटो सोबत न्या.

---

सायली_कोथरूड | संध्याकाळी ५:०२

कंत्राटदाराला आत्ताच फोन लावला. गणेशपट्टी त्याने वेगळी ठेवली होती, काल टेम्पोत गेली म्हणतो. कुणाच्या टेम्पोत ते मुकादमाला विचारून संध्याकाळी सांगतो म्हणाला. उद्या रविवार आहे, मी आणि आई सकाळीच निघतो.